पेग तीन, पण दातांवर आम्ल साडेतीन तास

(आमच्या पॉडकास्टच्या या आठवड्याच्या भागाचा लेखी मजकूर. बोलताना आलेले 'म्हणजे', 'अं' काढलेत, बाकी जसंच्या तसं आहे.)

शनिवार पेठेतून रेकॉर्ड करतोय, खाली रिक्षावाल्यांचे हॉर्न ऐकू आले तर समजून घ्या.

दोन महिन्यांपूर्वी मला थंड पाणी प्यायलं की पुढच्या दातांत कळ यायला लागली. जाहिरातीतली सेन्सिटिव्हिटीची पेस्ट आणली, आठवडाभर घासली, फार फरक नाही. शेवटी डेंटिस्टकडे गेलो. त्यांनी आरसा धरून दाखवलं, वरच्या पुढच्या दातांच्या कडा पातळ होऊन काचेसारख्या झाल्या होत्या. कीड कुठेच नव्हती. मग त्यांनी विचारलं, "दारू घेता का?" मी म्हटलं, "फक्त शनिवारी, तीन पेग." मला वाटलं, आता 'कमी करा' म्हणतील. पण पुढचा प्रश्न वेगळाच होता. "कशात मिसळून घेता? आणि ते तीन पेग संपायला किती वेळ लागतो?"

आजचा भाग या दोन प्रश्नांवर आहे.

आधी लाळ

आपल्या तोंडात दिवसाला साधारण अर्धा ते दीड लिटर लाळ तयार होते. घास ओला करणं हे तिचं एक काम. दुसरं काम आपल्याला दिसत नाही. लाळेत बायकार्बोनेट असतं, ते आम्ल मारतं. कॅल्शियम आणि फॉस्फेट असतं, म्हणजे ज्या खनिजांचं इनॅमल बनलंय तीच. थोडं काही विरघळलं तर लाळ ते परत भरून काढते. दिवसभर ही डागडुजी चालू असते.

आता पीएच. शाळेत शिकलोय, ७ म्हणजे ना आम्ल ना अल्कली, त्याखाली आम्ल. दाताभोवतीचा पीएच साधारण ५.५ च्या खाली गेला की इनॅमलमधली खनिजं बाहेर पडायला लागतात. कोलाचा पीएच असतो अडीचच्या आसपास. ऐकायला फरक फक्त तीनचा वाटतो. पण हे माप लॉगरिदमिक आहे, एक आकडा खाली म्हणजे आम्ल दहापट. साडेपाचवरून अडीचवर म्हणजे हजारपट.

यावर कुणीतरी म्हणेल, दहीही आंबट असतं, मग आजी रोज दहीभात खाऊन दात कसे टिकवते? प्रश्न बरोबर आहे. दह्याचा पीएच चार-साडेचार असतो, पण त्यात कॅल्शियम आणि फॉस्फेट भरपूर असतं. बाहेर आधीच खनिजं असल्यामुळे दातातली निघून जात नाहीत. कोलात किंवा लिंबू सोड्यात दाताला वाचवण्याइतकं कॅल्शियम नसतं.

मिक्सरचं गणित

माझी शनिवारची रात्र घेऊ. मित्राची गच्ची, नऊ वाजता सुरुवात, साडेबाराला शेवट. रम आणि कोला. एका ग्लासात १५० मिली कोला धरला तर तीन ग्लासांत ४५० मिली. १०० मिली कोलात साधारण साडेदहा ग्रॅम साखर असते, म्हणजे एकूण सत्तेचाळीस ग्रॅमच्या आसपास. चहाचे अकरा-बारा चमचे झाले.

इथे दोन वेगळ्या गोष्टी घडतात, त्यांची गल्लत करू नका. पहिली, साखर तोंडातले जंतू खातात आणि त्यातून आम्ल तयार करतात. त्याने कीड लागते, आणि ती बहुतेक वेळा एका ठिकाणी खड्डा करते. दुसरी, कोलातलं फॉस्फोरिक आम्ल किंवा लिंबातलं सायट्रिक आम्ल जंतूंची वाट न बघता थेट इनॅमल विरघळवतं. त्याला झीज म्हणतात आणि ती पृष्ठभागभर पसरते. माझ्या तोंडात ही दुसरी गोष्ट झाली होती. म्हणून 'मी डाएट कोला घेतो, मला काय होणार' हे अर्धंच खरं आहे. साखर गेली, पण आम्ल तसंच आहे.

आता वेळ. एक घोट घेतला की पीएच खाली जातो. लाळ त्याला वर आणते, पण त्याला वीस-तीस मिनिटं लागू शकतात. समजा मी जेवताना एक कोल्ड्रिंक दहा मिनिटांत संपवलं, तर दातांना पाऊण तासाच्या आत सुटका मिळते. पण गच्चीवर मी दर पाच-सात मिनिटांनी एक घोट घेतो. पीएच वर यायला लागला की पुढचा घोट त्याला परत खाली ढकलतो. म्हणजे नऊ ते साडेबारा, सलग साडेतीन तास लाळेला एकदाही काम पूर्ण करता येत नाही. कोला तेवढाच, पण गप्पा मारत, चवीचवीने घेतलेला कोला दातांना जास्त महाग पडतो. डेंटिस्टनी वेळ का विचारला, ते तेव्हा कळलं.

गोव्याला गेल्यावरही हेच होतं. मार्च ते मे उराकचा सीझन, उराक आणि लिंबाचं कोल्ड्रिंक, वरून लिंबू पिळून आणि हिरवी मिरची चिरून. दुपारी सुरू होतं आणि संध्याकाळपर्यंत चालतं.

मग तोंड सुकतं

आतापर्यंतचा सगळा दोष मिक्सरचा होता. आता दारू स्वतः काय करते ते.

आपल्या मेंदूतून एक हार्मोन सुटतं, जे मूत्रपिंडाला सांगतं की पाणी धरून ठेव. अल्कोहोल त्याला दाबतं. म्हणून दारू प्यायल्यावर सारखं बाथरूमला जावं लागतं. शरीरातलं पाणी कमी झालं की लाळही कमी होते. त्यात खारे शेंगदाणे, फरसाण, आणि काहींची सिगरेट. तोंड कोरडं पडतं, आपण ती तहान पुढच्या घोटाने भागवतो. म्हणजे ज्या वेळी आम्ल सगळ्यात जास्त, त्याच वेळी ते धुणारी लाळ सगळ्यात कमी.

पुढे झोप. झोपेत लाळ सगळ्यांचीच जवळजवळ थांबते, प्यायलेलं नसतानाही. त्यात दारूनंतर माणूस घोरतो, तोंड उघडं ठेवून झोपतो. सकाळी जीभ टाळूला चिकटलेली असते, ती यामुळे.

सर्दीची गोळी घेतली असेल तर आणखी वाईट. बऱ्याच अँटीअॅलर्जिक गोळ्या लाळ कमी करतात. मुळात त्या गोळ्यांबरोबर दारू घेऊच नये, गुंगी वाढते.

ब्रश न करता झोपणं

एक वाजता घरी येऊन ब्रश कोण करतं? मी तरी करत नव्हतो. शनिवारी सकाळी ब्रश, रात्री नाही, रविवारी उठायला बारा. मध्ये चोवीस तासांहून जास्त गेले. तेवढा वेळ हिरडीच्या कडेला जंतूंचा चिकट थर, प्लाक, साखर खात बसलेला.

हिरड्यांचं काय होतं याचा एक जुना प्रयोग आहे. १९६५ मध्ये डेन्मार्कच्या आरहूस शहरात हॅराल्ड लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी निरोगी हिरड्यांच्या बारा जणांना दात घासणं पूर्ण बंद करायला सांगितलं. दहा ते एकवीस दिवसांत सगळ्यांच्या हिरड्या सुजल्या. घासणं परत सुरू केल्यावर साधारण आठवड्याभरात बऱ्या झाल्या. आता, आठवड्यातली एक रात्र चुकली म्हणजे तीन आठवडे न घासणं नव्हे, हे मान्य. पण एकाची आठवड्याला तीन रात्री चुकायला लागल्या, की थर राहतो, लाळेतल्या खनिजांनी कडक होतो, आणि मग ब्रशने निघतच नाही. ते टार्टर. खालच्या पुढच्या दातांच्या मागे जीभ फिरवा, खरखरीत लागलं तर बहुधा तेच.

सुरुवातीची सूज परत जाते. पण ती हाडापर्यंत पोचली की गेलेलं हाड आपोआप परत येत नाही.

ओळखायचं कसं?

पुढच्या दातांच्या कडा निळसर-पारदर्शक दिसतात. दाढांच्या टोकांवर छोट्या वाट्यांसारखे खोलगट भाग दिसतात. भरलेलं सिमेंट दातापेक्षा वर आल्यासारखं वाटतं, कारण सिमेंट तिथेच आहे, दात खाली गेलाय. कोरडं बिस्किट पाण्याशिवाय गिळवत नसेल तर लाळ कमी आहे. बेसिनमध्ये रक्त दिसलं तर हिरडी सुजलेली आहे. सिगरेट ओढणाऱ्यांनी मात्र 'माझं रक्त येत नाही' यावर विसंबू नये. निकोटीनने रक्तवाहिन्या आकसतात, आजार असून रक्त दिसत नाही. आणि तोंडात दोन आठवड्यांत न भरलेली जखम, पांढरा किंवा लाल चट्टा असेल तर थेट डॉक्टरकडे जा. दारू आणि तंबाखू एकत्र असले की तोंडाच्या कॅन्सरचा धोका खूप वाढतो.

मी काय बदललं

कोलाऐवजी पाणी किंवा साधा सोडा. साध्या सोड्याचा पीएच पाचच्या आसपास असतो, कोलाच्या मानाने खूपच सौम्य. लिंबू पिळलं की तो फायदा गेला. प्रत्येक ग्लासानंतर एक ग्लास पाणी. शेवटचा अर्धा तास फक्त पाणी, म्हणजे घरी येईपर्यंत लाळेला थोडा वेळ मिळतो आणि झोपायच्या आधी ब्रश करता येतो.

हा अर्धा तास का? आम्लाने इनॅमल वरून मऊ पडलेलं असतं, त्यावर लगेच जोरात ब्रश फिरवला तर ते खरवडून जातं. उलटी झाली असेल तर हे अजून महत्त्वाचं, पोटातलं आम्ल कोलापेक्षाही तीव्र असतं. तेव्हा ब्रशला हात लावू नका. ग्लासभर पाण्यात अर्धा चमचा खायचा सोडा घालून चुळा भरा, थुंका, झोपा. सकाळी मऊ ब्रश आणि फ्लोराइडची पेस्ट. पेस्टचा फेस थुंकायचा, पण नंतर पाण्याने खळखळून धुवायचं नाही, थोडं फ्लोराइड दातावर राहू द्यायचं. अल्कोहोल असलेला माउथवॉश याला पर्याय नाही. वास जातो, थर तिथेच राहतो.

माझ्या कडांचं काय? मऊ पडलेलं इनॅमल लाळ आणि फ्लोराइड थोडं घट्ट करू शकतात. झिजून गेलेलं परत उगवत नाही. डेंटिस्टनी कडांचा फोटो काढून ठेवलाय, सहा महिन्यांनी परत काढून ताडून बघणार. झीज थांबली असेल तर काही करायचं नाही, नसेल तर कडांना कॉम्पोझिट लावायचं.

एक शेवटचं. 'शनिवारी फक्त' म्हणता म्हणता बुधवारही आला असेल आणि ठरवूनही थांबत नसेल, तर तो दातांचा प्रश्न राहिलेला नाही. पुण्यातच मुक्तांगण आहे, १९८६ पासून व्यसनमुक्तीचं काम करतंय. फोन करायला लाजू नका.

पुढच्या शनिवारी भेटू. मी सोडा-पाणी घेऊन येतो.