आधी उतार, मग कोटिंग

पाऊस थांबून दोन दिवस झाले तरी गच्चीवर डबकं दिसत असेल, तर त्यावर थेट कोटिंग मारू नका. साचलेल्या पाण्याखाली ॲक्रिलिक कोटिंग नरम पडतं, फुगतं आणि सुटतं. आधी डबक्याची कड खडूने आखून घ्या. जागा सुकली की तारेच्या ब्रशने घासा, सिमेंट-पॉलिमरची स्लरी लावा आणि ती ओली असतानाच पॉलिमर मिसळलेला मॉर्टर भरा. उतार पाइपाच्या तोंडाकडे, मीटरला साधारण एक सेंटिमीटर. म्हणजे पाइप तीन मीटरवर असेल, तर डबक्याची जागा तोंडापेक्षा तीन सेंटिमीटर उंच हवी. मॉर्टर पक्का झाल्यावर बादलीभर पाणी ओतून पाहा. ते पूर्ण वाहून गेलं, तरच जागा सुकवून कोटिंगचे दोन हात द्या, एक उभा आणि एक आडवा.