साहेब कोणत्या चौकटीतले?

रॉबर्ट ब्लेक आणि जेन माउटन यांनी १९६४ साली साहेब लोकांना एका तक्त्यावर बसवले. आडव्या रेषेवर कामाची काळजी, उभ्या रेषेवर माणसांची. दोन्हींना १ ते ९ गुण. लिहिताना कामाचा आकडा आधी.

‘माल वेळेत हवा, कारणे नकोत’ म्हणणारा ९,१. सगळ्यांना खूश ठेवताना मुदत चुकवणारा १,९. हे दोघे चटकन सापडतात.

फसगत होते ५,५ पाशी. समजा, वर्णन असे आहे: ‘ऑर्डर वाढली तेव्हा त्यांनी थोडा ओव्हरटाइम लावला, थोडे उद्दिष्ट कमी केले.’ समंजस वाटतो ना? पण त्याने दोन्हीकडे थोडे थोडे सोडले. कामगारांसोबत बसून अडथळा शोधला, त्यांच्याच सूचनेने पाळ्या बदलल्या आणि पूर्ण ऑर्डर वेळेत दिली असती, तर तो ९,९ ठरला असता.

नुसते ‘गोड बोलतात’ एवढेच लिहिले असेल, तर कामाचा आकडा ठरवताच येत नाही.