फूटव्हॉल्व्ह तळाशी, उचल मात्र पाण्याच्या पातळीपासून

‘फूटव्हॉल्व्ह तळाला आहे ना सर, मग सगळं पाणी तळापासूनच उचलावं लागणार.’ हे वाक्य दरवर्षी वर्गात येतं. गावी गेलो की नवी मोटर घ्यायला निघालेले काकाही हेच सांगतात, आणि तेवढ्या हिशेबावर जास्त हॉर्सपॉवरची मोटर घरी येते. वर्गात एक गणित चुकतं. शेतात पैसे जातात. म्हणून या एका गैरसमजाबद्दल जरा सविस्तर लिहितो.

प्लास्टिकच्या पारदर्शक नळीचा तुकडा पाण्याने भरलेल्या बादलीत उभा बुडवून पाहा. दोन्ही टोकं उघडी ठेवा आणि खालचं टोक बादलीच्या तळाजवळ न्या. नळीत पाणी तळाशी थांबत नाही. पंप नाही, वीज नाही, तरी ते बाहेरच्या पातळीइतकं आपोआप चढतं, कारण वरच्या पाण्याचा दाब त्याला खालून ढकलतो. सक्शन पाइपात हेच होतं. फूटव्हॉल्व्ह तीन मीटर खोल असला तरी पाणी पातळीपर्यंत चढवण्याचं काम तळ्यातलं पाणीच करतं. पंपाचं काम तिथून पुढे सुरू होतं.

यावर पुढचा प्रश्न ठरलेला असतो: ‘पण बाहेर येतं ते तळाचंच पाणी ना?’ येतं तळाचंच. पण ते निघालं की त्याच्यावरचा सगळा साठा तेवढा खाली बसतो. सुरुवातीची आणि नंतरची स्थिती शेजारी ठेवून पाहा. तळ जसा भरलेला होता तसाच भरलेला आहे. कमी झालाय तो सगळ्यात वरचा पातळ थर, आणि तेवढंच पाणी काठावर आलंय. ऊर्जेच्या हिशेबाला कोणता थेंब कुठून आला याच्याशी घेणं नसतं. म्हणून वरून एकेक थर काढत जायचा आणि प्रत्येक थर त्याच्या खोलीवरून काठापर्यंत उचलला असं धरायचं. ही पुस्तकातली पद्धत म्हणजे सोयीसाठी केलेली कल्पना नव्हे. फूटव्हॉल्व्ह तळाशी असतानाही तिचं उत्तर बरोबरच येतं.

आता खरं तळं घेऊ. महाराष्ट्र शासनाच्या २०१६ सालच्या ‘मागेल त्याला शेततळे’ योजनेत ३० × ३० × ३ मीटर हे एक ठरलेलं माप होतं. बाजूंचा उतार १:१, म्हणजे एक मीटर खाली गेलं की प्रत्येक बाजू एक मीटर आत येते. काठाशी ३० मीटरचा चौरस, तळाशी २४ मीटरचा. काठापासून y मीटर खोलीवर आडवा काप घेतला तर चौरसाची बाजू 30 − 2y. इथेच पुष्कळ मुलं 30 − y लिहितात, कारण उतार दोन्ही बाजूंनी आत येतो हे त्यांनी चित्र काढून पाहिलेलं नसतं. चित्र काढल्याशिवाय सूत्र लिहायचं नाही, हे मी सांगून थकलो.

तळं काठोकाठ भरलंय आणि पाणी फक्त काठापर्यंत आणायचंय असं धरू. आधी कागदावर एकेक मीटर जाडीचे तीनच थर पाडू आणि प्रत्येकाचं माप त्याच्या मध्यावर घेऊ. वरच्या थराची बाजू २९ मीटर, म्हणून ८४१ घनमीटर पाणी आणि उचल अर्धा मीटर. मधल्याची २७, म्हणून ७२९ घनमीटर आणि उचल दीड मीटर. खालच्याची २५, म्हणून ६२५ घनमीटर आणि उचल अडीच मीटर. गुणाकारांची बेरीज सुमारे ३०७७ येते. थर पातळ करत नेले की ही बेरीज ज्या आकड्याला टेकते तो इंटिग्रेशन देतं:

∫ y (30 − 2y)² dy, y = 0 ते 3 = 3051

नुसत्या तीन थरांनी आपण एक टक्क्याच्या आत पोचलो होतो. याला एक घनमीटर पाण्याच्या वजनाने, म्हणजे ९८०० न्यूटनने गुणलं की सुमारे २ कोटी ९९ लाख ज्यूल होतात. विजेच्या भाषेत ८.३ युनिट. सगळं २१९६ घनमीटर पाणी तळापासून तीन मीटर उचललं असं धरलं असतं, तर १७.९ युनिट आले असते. दुपटीहून जास्त.

‘मग सरासरी म्हणून अर्धी खोली धरू’ हा दुसरा गैरसमज. सरळ भिंतींच्या हौदाला तो चालतो, कारण तिथे प्रत्येक खोलीवर पाणी सारखंच असतं. शेततळ्यात जास्त पाणी वर असतं, म्हणून सरासरी उचल ३०५१ भागिले २१९६, म्हणजे १.३९ मीटर येते. दीड मीटर धरल्यास आठ टक्के चूक. टोक खाली असलेल्या शंकूच्या टाकीत मात्र सरासरी उचल खोलीच्या पाव भागाएवढीच असते, आणि अर्धी धरणाऱ्याचं उत्तर थेट दुप्पट येतं.

बाकीचे थोडक्यात. तळं वरून एक मीटर रिकामं असेल तर काठापासून मोजताना मर्यादा १ ते ३ घ्यायच्या, ० ते २ नव्हे. उत्तर २६४० येतं. थॉमस यांच्या कॅल्क्युलसच्या पुस्तकात ऑलिव्ह तेलाच्या शंकूचं गणित आहे: टाकी दहा फूट, तेल आठ फूट. तिथे y तळाच्या टोकापासून मोजलाय, म्हणून मर्यादा ० ते ८ आणि उचल 10 − y. कुठून मोजायचं ते तुमच्या हातात आहे. मधेच बदलायचं मात्र नाही. त्याच गणितात तेल घनफुटाला ५७ पौंड दिलंय. ते वजनच आहे, त्याला पुन्हा g ने गुणू नका. आणि सक्शन पाइपाने पाणी हवं तितक्या खोलीवरून ओढता येतं हेही खरं नाही: हवेचा दाब पाण्याचा सुमारे १०.३ मीटर उंच स्तंभच पेलतो, आणि प्रत्यक्षात पंप त्याच्या बराच आधी पाणी सोडतो.

काकांच्या मळ्याचं पाणी काठावर थांबत नाही, ते पंधरा मीटर वरच्या पट्टीला जातं. तिथे y च्या जागी y + 15 लिहायचं आणि मर्यादा ० ते ३ तशाच ठेवायच्या. अनेकजण नेमकं उलट करतात, मर्यादा १८ पर्यंत ताणतात आणि जिथे पाणीच नाही तिथले थर मोजतात. बरोबर मांडणीत सरासरी उचल १६.३९ मीटर येते. इथे अर्धी खोली धरण्याची चूक अकरा सेंटीमीटरवर येते, तिच्यावर वाद घालण्यात अर्थ नाही. तळापासून धरण्याची चूक अजूनही दीड मीटरहून मोठी आहे. आणि पाइपातलं घर्षण, मोटर-पंपाची कार्यक्षमता यांतलं काहीच या आकड्यांत धरलेलं नाही. दोन्ही मिळून कार्यक्षमता निम्मी निघाली तर मीटरवर दुप्पट युनिट पडतील. ती तूट थरांच्या गणिताच्या माथी मारू नये. ती पाइपाचा व्यास आणि पंपाची पाटी वाचून वेगळी काढावी लागते.