ईमेलमधला ‘मिस्टर’ आणि त्याची दुरुस्ती

किरण, शीतल, सुमन, कमल, ज्योती, मंगल, शशी. ही नावे कागदावर एकटी असली की समोरची व्यक्ती स्त्री आहे की पुरुष, हे ठरवता येत नाही. किरण मोरे यष्टिरक्षक होते आणि किरण बेदी पोलीस अधिकारी. महाराष्ट्रात सुमन म्हटले की सुमन कल्याणपूर आठवतात, बंगालमध्ये कबीर सुमन. मराठी घरात ज्योती ही मुलगीच असते, पण पश्चिम बंगालचे मुख्यमंत्री होते ज्योती बसू. कमल ही इकडे आजी असते, तर तमिळनाडूत कमल हासन. जैन कुटुंबांत शीतल हे नाव मुलालाही ठेवतात, कारण दहावे तीर्थंकर शीतलनाथ. प्रांत बदलला की नावाचा अंदाज बदलतो आणि देश बदलला की तो आणखी घसरतो. रोमन लिपीत Aditya किंवा Krishna हे नाव शेवटी a घेऊन येते. युरोपातल्या अनेक भाषांत असा शेवट बहुधा स्त्रीच्या नावाला असतो, म्हणून आदित्यला ‘मॅडम’ म्हणून उत्तर येते. उलट, इटलीत आंद्रेआ हे पुरुषाचे नाव आहे, हे आपल्याकडच्या पत्रलेखकाला ठाऊक नसते.

चूक करणाऱ्याला बरेचदा पर्यायही नसतो. जर्मनमध्ये औपचारिक पत्राची सुरुवातच ‘हेर’ किंवा ‘फ्राउ’ यांपैकी एक निवडून करण्याचा रिवाज आहे, आणि त्याप्रमाणे विशेषणाचे रूपही बदलते. हिंदीत ‘आप कब आएँगे’ की ‘आएँगी’ हे ठरवावेच लागते. मराठी या बाबतीत सोयीची आहे. ‘तुम्ही कधी याल’, ‘तुम्ही आलात’, ‘आपण कळवलेत’ या रूपांत लिंग दिसत नाही, त्यामुळे मराठी पत्रात चूक उघडी पडते ती मुख्यतः मायन्यात (महोदय की महोदया, साहेब की मॅडम) आणि तिसऱ्या व्यक्तीबद्दल लिहिताना (‘ते येणार आहेत’ की ‘त्या येणार आहेत’).

हीच भाषा दुरुस्तीसाठीही उपयोगी पडते. कार्यालयीन पत्रांत बहुतेक जण ‘अहवाल पाठवत आहे’ असे लिहितात आणि त्यातून काहीच कळत नाही. त्याऐवजी ‘अहवाल उद्या पाठवते’ किंवा ‘उद्या पाठवतो’ असे एक क्रियापद आले, की जाणकार वाचक पुढच्या पत्रात मायना आपणहून बदलतो. मराठीत ही सर्वांत हळुवार दुरुस्ती. इंग्रजीत मात्र उत्तम पुरुषाच्या क्रियापदाला लिंग नाही, त्यामुळे तिथे हे काम सहीकडे जाते. नावाआधी कंसात Ms. किंवा Mr. लिहिण्याची रीत कागदी पत्रांपासून चालत आली आहे. Ms. मधून लग्न झाले आहे की नाही हे कळत नाही, ‘सौ.’ आणि ‘कु.’ यांतून ते कळते, म्हणून कामाच्या पत्रव्यवहारात अनेक स्त्रियांना Ms. बरे वाटते. सहीखाली she/her किंवा he/him लिहिण्याची पद्धतही अलीकडे रुळते आहे. ज्यांना स्त्री किंवा पुरुष यांपैकी कोणतीच उपाधी लागू पडत नाही, त्यांच्यासाठी इंग्रजीत Mx. आहे. 2014 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तृतीयलिंगी ओळखीला मान्यता दिली, त्यामुळे अशी व्यक्ती आपल्या उपाधीबद्दल जे सांगेल, ते जसेच्या तसे वापरणे हाच शिष्टाचार आहे.

सही बदलूनही भागत नाही, असे प्रसंग येतात. समजा, पुण्यातली किरण पाटील नावाची एक संशोधक जर्मनीतल्या परिषदेला जाणार आहे. आयोजकांचे पहिले पत्र ‘डिअर मिस्टर पाटील’ असे येते. ती काही न बोलता सहीत Ms. घालते. दुसरे पत्रही ‘मिस्टर’ म्हणूनच येते आणि त्यात दोन गोष्टी असतात: व्हिसासाठी निमंत्रणपत्र उद्या निघेल, आणि राहण्यासाठी दोघांची एक खोली देण्यात येईल. आता गप्प राहण्यात शिष्टाचार नाही. निमंत्रणपत्रात ‘मिस्टर’ आणि पारपत्रात F असे गेले, तर वकिलातीत शंका निघू शकते. खोलीची जोडीही पुरुषाशी लावली जाईल. विमानाच्या तिकिटाचेही तसेच. अमेरिकेला जाणाऱ्या प्रवाशाची तर पूर्ण नाव आणि जन्मतारखेबरोबर लिंगाचीही नोंद विमान कंपनीला द्यावी लागते. म्हणून जिथे कागद निघणार आहे, तिथे दुरुस्ती त्याच दिवशी आणि स्पष्ट शब्दांत करावी.

पत्र कसे असावे? किरणने आधी कामाचे उत्तर द्यावे: निमंत्रणाबद्दल आभार, पारपत्राची प्रत सोबत जोडली आहे. मग स्वतंत्र ओळीत लिहावे: ‘आपल्या नोंदीसाठी एक दुरुस्ती. माझ्या नावापुढे मिस्टर आहे, तिथे Ms. हवे. निमंत्रणपत्र आणि खोलीच्या यादीत तेवढा बदल करावा, ही विनंती.’ एवढे पुरे. या ओळींत दोष नोंदीकडे जातो, माणसाकडे जात नाही. ‘आपण मला पुरुष समजलात’ असे लिहिले की उत्तर देणाऱ्याला सफाई द्यावी लागते. ‘माझे नावच गोंधळात टाकणारे आहे, क्षमस्व’ असे लिहिण्याचीही गरज नाही, कारण स्वतःचे नाव हा माफी मागण्याचा विषय नव्हे. नावाचा अर्थ, ते कोणी ठेवले, आणखी कोणाकोणाची अशीच चूक झाली, हेही नको. त्या पसाऱ्यात मुख्य विनंती हरवते.

पत्रात इतर अनेक जण असतील तर प्रश्न थोडा नाजूक होतो. फक्त लिहिणाऱ्याला वेगळे कळवले तर त्याची शोभा होत नाही, पण बाकीचे ‘मिस्टर’च उचलतात. अशा वेळी सहकाऱ्याने केलेली दुरुस्ती फार उपयोगी पडते. ‘पाटील मॅडमनी काल पाठवलेल्या तक्त्यानुसार’ असे त्याने पुढच्या पत्रात सहज लिहिले, की सर्वांना कळते आणि कोणाला कमीपणा येत नाही. कार्यालयात एकमेकांसाठी एवढे जरूर करावे.

एकदा सांगूनही चूक परत आली, तर लगेच हेका समजू नये. पत्राचा मजकूर माणसाने लिहिलेला आणि मायना मात्र दर वेळी तसाच चुकीचा असेल, तर मायना बहुधा एखाद्या यादीतून आपोआप येत असतो. नोंदणीच्या अर्जात कोणीतरी Mr. निवडलेले असते आणि तिथून ते प्रत्येक पत्रात उतरते. अशा वेळी तीच विनंती परत करण्याऐवजी ‘नोंदणीच्या यादीत ही उपाधी बदलून मिळेल का?’ असे विचारावे आणि नोंदणी क्रमांक द्यावा. आपल्याच अर्जात चुकीचा पर्याय निवडला गेला नाही ना, हेही आधी पाहून घ्यावे.

ज्याची चूक झाली त्याने ‘कळवल्याबद्दल आभार, नोंद बदलली आहे’ एवढे एक वाक्य लिहावे आणि नोंद खरोखर बदलावी. लांबलचक माफीने समोरच्यावरच समजूत घालण्याचे काम येते. अंदाज लावायचाच नसेल, तर इंग्रजीत ‘डिअर किरण पाटील’ असे पूर्ण नाव लिहिता येते आणि मराठीत ‘किरण पाटील यांस, सप्रेम नमस्कार’ हा मायना स्त्री-पुरुष दोघांनाही चालतो.