ऑक्युपन्सी 92 टक्के, पण रुग्ण किती?

हॉस्पिटलच्या ऑपरेशन्स मॅनेजरची जाहिरात निघाली की आलेल्या बहुतेक बायोडेटांत तीन ओळी हमखास असतात: एनएबीएच मिळवून दिले, बिलिंग सिस्टीम राबवली, बेड ऑक्युपन्सी वाढवली. निवड करणारे नेमके याच ओळींवर थांबतात. अर्ज चांगल्या माणसाचा असूनही मागे पडतो, तो बहुधा या ओळींभोवतीच्या गैरसमजांमुळे.

गैरसमज : हॉस्पिटलला एनएबीएच मिळाले, म्हणजे माझे काम सिद्ध झाले.

मानांकन संस्थेचे असते, व्यक्तीचे नसते. शिवाय एन्ट्री लेव्हल सर्टिफिकेशन आणि पूर्ण ॲक्रेडिटेशन या वेगळ्या पायऱ्या आहेत. कोणत्या हॉस्पिटलला काय मिळाले आहे ती यादी एनएबीएचच्या संकेतस्थळावर कोणालाही पाहता येते. पहिल्या पायरीला दुसरीचे नाव दिले तर ते पाच मिनिटांत उघडे पडते आणि मग बाकीच्या बायोडेटावरचाही विश्वास उडतो. वाचणाऱ्याला हवे असते ते तुमच्या वाट्याचे काम. असेसरने संमतीपत्रांतल्या त्रुटी दाखवल्या असतील, तर त्या कोणत्या विभागात होत्या, तुम्ही काय बदलले आणि पुढच्या फाइल ऑडिटमध्ये अपुरी संमतीपत्रे किती निघाली, एवढे लिहिले तरी पुरते.

गैरसमज : सॉफ्टवेअरचे नाव लिहिले की बिलिंग येते हे कळते.

सॉफ्टवेअर नवीन माणूसही महिन्याभरात शिकतो. खरे नुकसान होते ते ओटी आणि बिलिंग काउंटर यांच्या मधल्या वाटेवर. इम्प्लांट वापरले जाते, पण त्याचा स्टिकर फाइलला लागत नाही. मग एक तर ते बिलात येतच नाही, किंवा आले तरी टीपीए क्वेरी काढते आणि पैसे अडकतात. म्हणून शंभर क्लेममागे किती क्वेरी येत, मंजूर रकमेतून किती टक्के कपात होई आणि पैसे जमा व्हायला किती दिवस लागत, हे आकडे बिलिंगचा अनुभव दाखवतात. ‘डिजिटायझेशन केले’ या शब्दांतून यातले काहीच कळत नाही.

गैरसमज : ऑक्युपन्सी जितकी जास्त, तितके बेड मॅनेजमेंट चांगले.

सगळ्यांत खोलवर रुजलेला गैरसमज हाच आहे, म्हणून हिशेब मांडून पाहू. समजा, हॉस्पिटल 100 खाटांचे आहे आणि महिना 30 दिवसांचा. म्हणजे 3000 खाट-दिवस उपलब्ध. आधीच्या महिन्यात 2460 खाट-दिवस वापरले गेले, म्हणजे ऑक्युपन्सी 82 टक्के. डिस्चार्ज झाले 492, म्हणजे सरासरी मुक्काम 5 दिवसांचा. नंतर ऑक्युपन्सी 92 टक्क्यांवर गेली. आता वापर 2760 खाट-दिवसांचा झाला, पण डिस्चार्ज 460च. मुक्काम 6 दिवसांवर पोचला. खाटा जास्त भरल्या आणि बरे होऊन घरी गेलेले रुग्ण 32ने घटले. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेसारख्या ठराविक पॅकेजवरच्या रुग्णाचा एक दिवस वाढला, तर त्या दिवसाचा खर्च हॉस्पिटलच सोसते.

मुक्काम वाढला म्हणजे कारभार बिघडलाच, असेही नाही. आयसीयू किंवा अस्थिरोगाचे रुग्ण वाढले तर तो साहजिकच वाढतो. त्यामुळे आकडा विभागवार द्यावा. नुसते ‘92 टक्के’ वाचले की अनुभवी माणसाच्या मनात पहिला प्रश्न येतो: तेव्हा मुक्काम किती होता?

ऑक्युपन्सीला आणखी एक गोष्ट दिसत नाही. हॉस्पिटलांत रुग्णांची मोजदाद साधारणपणे मध्यरात्री होते. डॉक्टरांनी सकाळी दहाला डिस्चार्ज लिहिला आणि रुग्ण दुपारी एकला गेला काय किंवा रात्री आठला गेला काय, त्या मोजदादीत फरक पडत नाही. कॅज्युअल्टीत स्ट्रेचरवर थांबलेल्या माणसाला मात्र ते सात तास सोसावे लागतात. एवढ्या वेळात उरलेली औषधे फार्मसीला परत जातात, समरी टाइप होते, बिल निघते आणि टीपीएची अंतिम मंजुरी येते. मंजुरीसाठी विमा कंपन्यांना आयआरडीएआयने 2024 मध्ये तीन तासांची मर्यादा घालून दिली आहे. पण हॉस्पिटलने कागद पाठवायलाच दुपार केली, तर त्या तीन तासांचा काय उपयोग?

डिस्चार्जला लागणारा वेळ हा एनएबीएचचाही निर्देशांक आहे. बायोडेटातल्या तिन्ही ओळी इथे एकत्र येतात, म्हणून मी अर्ज वाचताना ही एक जागा आधी शोधते. ‘डिस्चार्ज समरी आदल्या संध्याकाळी तयार ठेवण्याची पद्धत मेडिसिन वॉर्डात सुरू केली, विमाधारक रुग्णांचा सरासरी डिस्चार्ज वेळ साडेसहा तासांवरून चारवर आला’ अशी एक ओळ असेल, तर त्या अर्जदाराला मुलाखतीला बोलावायला मी दुसरे कारण शोधत नाही.

आधीच्या हॉस्पिटलचे आकडे बाहेर कसे सांगायचे, ही अडचण रास्त आहे. रुग्णांची नावे आणि रुपयांतल्या रकमा लिहूच नयेत. टक्के, तास, दिवस आणि खाटांची संख्या एवढ्यावर काम भागते. ते आकडे कोणत्या रजिस्टरमधून काढले, हे मुलाखतीत सांगता आले पाहिजे.