तात्यांच्या नऊ सेकंदांचं काय करायचं?

माण तालुक्यातल्या एका गावातली कॉलेजात जाणारी मुलगी. गावच्या तात्यांनी सांगितलेल्या १९७२ च्या दुष्काळाच्या आठवणी तिच्या मोबाइलमध्ये साठल्या आहेत, तब्बल अकरा तास. त्यातून तिला वीस-बावीस मिनिटांचा चित्रपट करायचा आहे. ही मुलगी आणि तात्या गोष्टीतले; दुष्काळ आणि संकलनाची रीत मात्र खरी.

संगणकावर कापाकापी सुरू करण्याआधी ती सगळं ऐकून वहीत उतरवून काढते. प्रत्येक वाक्यापुढे ते कुठल्या फाइलीत, कितव्या मिनिटाला आहे ते लिहिते. हे काम कंटाळवाणं असतं आणि नवखे लोक नेमकं तेच टाळतात. मग हवं ते वाक्य सापडत नाही आणि हाताला लागेल ते वापरलं जातं. वहीत लिहिल्यामुळे तिला दिसतं की खडी फोडायच्या कामाची हकिकत तात्यांनी तीनदा सांगितली आहे, आणि तिन्ही वेळा ती थोडी वेगळी आहे.

पहिला कच्चा चित्रपट ती निव्वळ आवाजाचा करते. चित्राकडे न बघता गोष्ट कानाला कळली पाहिजे. त्यात एक जागा येते. तात्या म्हणतात, “दुष्काळात आमी भावंडं रोज जेवलो.” मग नऊ सेकंद काहीच नाही. नंतर, “आय न्हाई जेवायची.”

मुलीला वाटतं, नऊ सेकंद फार झाले, बघणारा कंटाळेल. ती मधली शांतता काढून दोन्ही वाक्यं जोडते. शब्द तेच राहिले, पण आता तात्या तक्रार केल्यासारखे फटकन बोलतात. चौदा वर्षांच्या पोराला तेव्हा न कळलेली गोष्ट म्हातारपणी सांगताना जड जाते, हे त्या थांबण्यातच होतं. ती नऊच्या नऊ सेकंद परत घालते. अडखळणं, खोकला, ‘म्हंजे बघ’ची पुनरुक्ती खुशाल कापावी, माणूस ज्या जागी उत्तर शोधतोय ती जागा कापू नये. फरक ओळखायची एक साधी रीत आहे. कापलेलं आणि न कापलेलं लागोपाठ ऐकायचं आणि बोलणाऱ्याचा स्वभाव बदलला का, ते पाहायचं.

दुसरी अडचण निराळी आहे. रेशनवर मिळणाऱ्या लाल अमेरिकन मिलोबद्दल सांगताना तात्या ठामपणे म्हणतात, “त्या मिलोसंगंच काँग्रेस गवत आलं.” हे गावोगावी ऐकू येतं, पण ते बरोबर नाही. पुण्यात या गवताची नोंद १९५० च्या दशकातच झाली होती. वाक्य ठेवलं तर चित्रपट चुकीची माहिती पसरवणार, कापलं तर तात्यांची आठवणच जाणार. मुलगी पुन्हा त्यांच्याकडे जाते आणि एवढंच विचारते, “तात्या, तुम्ही स्वतः ते गवत पहिल्यांदा कुठं पाहिलं?” तात्या सांगतात, “आमच्या बांधावर, दुष्काळ सरल्यावर. त्याच्या आदी कुठं होतं, मला ठावं न्हाई.” ही खरी साक्ष. चित्रपटात ती हेच घेते. ऐकीव गोष्ट आणि डोळ्यांनी पाहिलेली गोष्ट वेगळी करायला संकलन पुरत नाही, त्यासाठी पुन्हा विचारावंच लागतं.

चित्रांचाही मोह असतो. दुष्काळाचे जुने फोटो इंटरनेटवर मिळतात, पण त्यातला कुठला माणचा, कुठला दुसऱ्याच प्रांतातला, सांगता येत नाही. क्लॉद लान्झमान यांनी १९८५ च्या ‘शोआ’ या नऊ तासांहून मोठ्या चित्रपटात जुनं चित्रण वापरलंच नाही. माणसं आणि आजच्या जागा एवढ्यावरच ते थांबले. मुलगीही तात्यांबरोबर त्या वेळच्या पाझर तलावावर जाते. दोन वाक्यं जोडताना चित्र जिथं उडी मारतं, तिथं त्या बांधाचे, दगडांचे शॉट ठेवते. अशा शॉटखाली जोड झाकली जाते, म्हणूनच जपायला हवं. वेगवेगळ्या दिवशीची वाक्यं जोडून तात्या कधी बोललेच नाहीत असं काहीही सहज बोलवून घेता येतं. क्रम बदलला तरी चालेल, पण अमुक झालं म्हणून तमुक झालं, हा जोड तात्यांनीच घातलेला असला पाहिजे.

तयार चित्रपट सर्वांआधी तात्यांना दाखवायचा. ते पाहतात आणि एकच बदल सांगतात. हजेरी कमी मांडणाऱ्या मुकादमाचं नाव काढ, त्याची नातवंडं गावातच आहेत. नाव कापलं की तिथं आवाजाला भोक पडतं, कारण खोलीची स्वतःची बारीक घरघर असते, तीही जाते. प्रत्येक बैठकीनंतर मुलीनं कुणी न बोलता अर्धा मिनिट नुसती खोली नोंदवून ठेवली होती. त्यातला तुकडा ती तिथं बसवते.

अकरा तासांची मूळ नोंद मात्र ती न कापता दोन निरनिराळ्या डिस्कवर, वहीसकट ठेवते. त्यात मुकादमाचं नाव आहे. ते कुणाला आणि कधी ऐकू द्यायचं, हे तात्यांनी सांगितलं तसं वहीच्या पहिल्या पानावर लिहिलेलं आहे.