सात मीटर पाण्यातला लाल

आमचं गाव मांडवगण फराटा. भीमेच्या गढूळ पाण्यात डुंबताना पाण्याचा रंग मातीवर ठरतो एवढंच कळायचं. पाणी स्वतःच रंग खातं, हे कळायला मालवणला जावं लागलं. तारकर्लीच्या बाजूला सहा मीटर खाली पोराइट्स प्रवाळाचा एक गोटा होता. डोळ्यांना तो तपकिरी दिसला. फोटोत मात्र शेवाळलेल्या हौदात पडलेल्या बटाट्यासारखा हिरवा आला.

कारण सोपं आहे. सूर्यप्रकाश सहा मीटर खाली उतरला आणि प्रवाळावरून निघून एक मीटरवरच्या कॅमेऱ्यापर्यंत आला, म्हणजे सात मीटर पाण्यातून गेला. अगदी शुद्ध पाणी धरलं तरी या वाटेत ६५० नॅनोमीटरच्या लालापैकी साधारण ९ टक्केच उरतो, ५५० च्या हिरव्यातला मात्र ६७ टक्के. निळा शुद्ध पाण्यात जवळजवळ तसाच राहतो. पण मालवणचं पाणी शुद्ध कुठलं? किनाऱ्यालगतचे सूक्ष्म वनस्पतिप्लवक आणि कुजक्या पाल्यापाचोळ्याचा अर्क निळाही खातात, म्हणून आपल्याकडचे फोटो निळे नाही, हिरवे येतात. परदेशी ट्युटोरियल पाहून निळा कमी करत बसणाऱ्यांची गाडी इथेच रुळावरून घसरते.

मग लाल सात-साडेसातपट वाढवला की झालं? सगळं दुखणं त्यातच आहे. प्रकाश कणाकणाने येतो आणि कणांच्या मोजणीत वर्गमुळाएवढी चूक असतेच. सेन्सरच्या एका ठिपक्यावर हिरव्याचे ६,७०० कण पडले तर चूक सुमारे ८२. लालाचे ९०० पडले तर ३०. आता लाल ७.४ पटीने वाढवा. ९०० चे साधारण ६,७०० होतात, पण ३० चे २२२ होतात. हिरव्याच्या तुलनेत लालाचा नॉइज पावणेतीनपट झाला. सावलीत तर लाल तिखट सांडल्यासारखे दाणे दिसतात. जेपेगमध्ये आणखी वाईट: तिथे लालाला मुळात मोजक्याच पायऱ्या मिळालेल्या असतात, ताणल्या की त्या पट्ट्यापट्ट्यांनी उघड्या पडतात. हिस्टोग्राममध्ये लालाची रेघ फणीच्या दातांसारखी विरळ दिसली, की समजावं ताण जास्त झाला. म्हणून फोटो रॉ मध्येच काढायचा.

मी त्या फोटोवर असं काम केलं. शेजारी, प्रवाळाइतक्याच अंतरावर, राखाडी पट्टा असलेली पाटी धरलेली होती. पाटी कॅमेऱ्याकडे तोंड करून उभी धरली की तिच्यावर प्रवाळाच्या माथ्यापेक्षा कमी उजेड पडतो, म्हणून ती थोडी आकाशाकडे कलती ठेवावी लागते. आधी पाण्याचा पडदा वजा केला: खडकाच्या खोल भोकात काळोखच असायला हवा, तिथे जो हिरवा दिसतो तो मधल्या पाण्याने उधळलेला प्रकाश. तो न काढता रंग वाढवले तर धुकंही वाढतं. नंतर राखाडी पट्टा राखाडी दिसेपर्यंत लाल चढवला.

नॉइजचा बंदोबस्त शेवटी. प्रवाळाची बारीक छिद्रं हिरव्या चॅनेलमध्ये स्वच्छ होती, कारण तिथे प्रकाश भरपूर. म्हणून लाल चॅनेल गुळगुळीत केला, पण हिरव्यातल्या कडा जिथे आहेत तिथे थांबून. याला गाइडेड फिल्टर म्हणतात. बारकावा हिरव्याचा, रंग लालाचा. सरसकट ब्लर मारला असता तर बटाटा परत आला असता.

याला मर्यादाही आहे. तांबडा स्पंज आणि तपकिरी प्रवाळ हिरव्यात सारखेच उजळ दिसले, तर त्यांच्यामधली रेघ हा फिल्टर पुसून टाकतो. आणि मागचं पाच-सात मीटरवरचं पाणी? तिथून लाल जवळजवळ आलेलाच नसतो. गुणाकार केला की फक्त नॉइज फुगतो आणि पाणी जांभळट होतं. त्यासाठी मास्क लावून मागचं हिरवंच सोडलं. २०१९ मध्ये डेर्या अक्कायनाक आणि ताली ट्राइबिट्झ यांनी मांडलेली ‘सी-थ्रू’ पद्धत पडदा वजा करणं आणि रंग वाढवणं हे प्रत्येक ठिपक्याचं अंतर काढून करते. त्यासाठी अंतर माहीत हवं, म्हणून एकाच दृश्याचे अनेक फोटो लागतात.

फ्लॅश वापरला तर हा निम्मा खटाटोप वाचतो, हे खरं. पण मालवणच्या पाण्यात गाळ तरंगतो, आणि लेन्सलगतच्या फ्लॅशने तो पांढऱ्या ठिपक्यांसारखा चमकतो. लेन्सवरची लाल काच तर नसलेला लाल आणतच नाही, हिरवा-निळाच अडवते.

काही प्रोग्रॅम लाल कमी पडला की हिरव्यातून उसना घेतात. फोटो छान होतो, पण तो लाल मोजलेला नसतो. प्रवाळ पांढरं पडतंय का हे ठरवायला असा फोटो कोणाला देऊ नका. सोबत रंगपाटी असलेली मूळ रॉ फाइल द्या.